दुसऱ्या फेरीचा टाईम

शालिकराम पराते हा कन्याशाळेतला शिपाई. घंटा वाजवणं, वर्ग उघडणं, ऑफिसातली कागदपत्रं इकडून तिकडे पोचवणं हे त्याचं पगाराचं काम. सकाळी साडेपाच ते साडेसात मैदानावर मुलींना पळवणं हे बिनपगारी काम. पगाराच्या कामात तो बेताचाच होता, हे हेडबाईही सांगतील. बिनपगारी कामात मात्र त्याच्या तोडीचा माणूस गावात शोधून सापडला नसता.

खेळाचे सर होते, रविंद्र सर. भला माणूस. कुठल्या कागदावर कुठं सही करायची हे त्यांना चांगलं ठाऊक होतं आणि पळवण्यातलं आपल्याला कळत नाही हेही ठाऊक होतं. त्यांनी सगळं शालिकरामवर सोपवलं होतं. तरुणपणी शालिकराम आठशे मीटर पळायचा. तांडापेठेत घरचा हातमाग होता, तो बंद पडला, बाप खचला, आणि पोराला पळणं सोडून नोकरी धरावी लागली. मिळाली ती शिपायाची. पण पायातलं गेलं तरी डोक्यातलं जात नाही.

त्याचं वेड होतं चार गुणिले चारशे मीटरची रिले. चार मुली, एकीमागून एक, प्रत्येकीची ट्रॅकला एक पूर्ण फेरी, आणि हातातून हातात जाणारा बॅटन. ही शर्यत नेहमी दिवसाच्या शेवटी असते. तोपर्यंत याच मुली कुणी चारशे, कुणी आठशे, कुणी दोन्ही पळून मोकळ्या झालेल्या असतात. म्हणजे ताज्या पायांनी रिले कुणीच पळत नाही. शालिकरामचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं होतं.

"सकाळी उठून कोणीबी पळते वं," तो मुलींना सांगायचा. "पाय मेल्यावर कोण पळते, ते मले दाखवा."

म्हणून दर शनिवारी परीक्षा असायची. चारशे मीटर जीव तोडून पळायचं. मग वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत खाली बसायचं नाही, चालत राहायचं, पाण्याचे दोन घोट घ्यायचे. मग पुन्हा चारशे. पहिल्या फेरीचा टाईम तो तोंडी सांगायचा. दुसऱ्या फेरीचा टाईम निळ्या शाईनं वहीत जायचा. कोण कितव्या नंबरवर पळणार हे वही ठरवायची. "इथं ना माही चालते ना तुमची, वही म्हणते ते होते," हे त्याचं पालुपद. मुलींना ते इतकं पाठ होतं की त्याची पाठ फिरली की त्या त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायच्या.

चार मुलींच्या वेळा कुठल्याही क्रमानं मांडल्या तरी बेरीज तीच येणार, मग नंबरावर इतका खल कशाला, असं कुणालाही वाटेल. रविंद्र सरांनाही वाटायचं. पण माणूस काही घड्याळ नाही. पहिली मुलगी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्याच पट्ट्यात पळते, तिला शेजारणीशी देणंघेणं नसतं. तिथं सुसाट सुटणारी पोरगी ठेवावी. दुसरी पहिलं वळण पट्ट्यात पळते आणि मग सगळ्या आतल्या बाजूला घुसतात, तिथं कोपर लागलं तरी न बिचकणारी हवी. तिसरीच्या जागेवर त्यातल्या त्यात हळू पोरगी खपून जाते, कारण तिच्यामागे भरून काढायला अजून एकजण असते. चौथीच्या मागे कुणीच नसतं. समोर कुणी असेल तर धीरानं गाठायचं, मागे कुणी असेल तर न घाबरता टिकायचं, आणि तेही दिवसभर वापरलेल्या पायांनी. ताज्या पायांवर वाऱ्यासारखी सुटणारी पोरगी इथं पहिल्या दोनशे मीटरमध्येच सगळं उधळून बसते आणि शेवटच्या ऐंशीत तिचे पाय जमिनीला चिकटतात.

हे सगळं ज्याला कळत होतं, त्यानंच गेल्या वर्षी माती खाल्ली.

गेल्या वर्षी टीममध्ये गोपिका निमजे होती, बारावीतली. ताज्या पायांवर त्रेसष्ट सेकंद, सगळ्यांत वेगवान. आणि दुसऱ्या फेरीत सत्तर. मयुरी होती अकरावीत. ताजी पासष्ट, दुसऱ्या फेरीत साडेसहासष्ट. वहीत निळ्या शाईत सरळ लिहिलेलं होतं, शेवटी मयुरी आणि पहिली गोपिका. एवढी साधी गोष्ट.

अडचण एकच होती. मयुरी ही मयुरी शालिकराम पराते होती.

शिपायानं आपल्या पोरीला शेवटी ठेवलं, फोटो तिचाच येईल, असं लोक म्हणतील या विचारानंच त्याच्या अंगावर काटा यायचा. कुणी तसं म्हटलं होतं का? नाही. पण माणूस आपल्याला हवा तेवढा मोठा बागुलबुवा स्वतःच उभा करतो. आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवायची त्याला इतकी हौस की त्यानं मयुरीला मधे दुसऱ्या नंबरवर टाकलं, टीममधल्या रितिकाला पहिलं, आचलला तिसरं, आणि गोपिकेला शेवटी. कुणी विचारलं असतं तर सांगायला उत्तर तयार होतं: गोपिकाच सगळ्यांत वेगवान आहे. कुणी विचारलंच नाही. घरी त्याची बायको भारती एवढंच म्हणाली होती, "दुसऱ्याच्या पोरींले जेवाले वाढता जी, अन् आपल्या पोरीले खरकटं काढाले लावता." त्यावर तो हसला होता. मनातून त्याला ते कौतुकच वाटलं होतं.

विभागीय स्पर्धेत पहिली येणारी टीमच राज्यावर जाते. गोपिका त्या दिवशी दुपारी आठशे पळून आली होती. तिच्या हातात बॅटन आला तेव्हा टीम पंधरा मीटर पुढे होती. ती सुटली, पहिले दोनशे मीटर अशी पळाली की मैदान उभं राहिलं, आणि शेवटच्या सरळ पट्टीत तिचे खांदे कानाला लागले, पाय उचलेनात. रेषेच्या दोन पावलं आधी वर्ध्याची पोरगी तिला ओलांडून गेली. गोपिका तिथंच गुडघ्यावर बसली. शालिकरामनं तिला उठवलं, पाणी पाजलं आणि म्हणाला, "होते वं असं, खेळ आहे."

होते असं! निळ्या शाईत महिनाभर लिहिलेलं होतं ते होणार म्हणून.

बारावी झाल्यावर गोपिका मैदानावर आली नाही. कॉलेजला नाव घातलं की नाही, हेही त्यानं विचारलं नाही. यंदा तिच्या जागी प्रणाली आली, खापा गावची, मावशीकडे राहून शिकणारी. रितिका वाढली होती, ताज्या पायांवर आता चौसष्ट पळत होती. दुसऱ्या फेरीत अडुसष्ट. मयुरी ताजी साडेचौसष्ट, दुसऱ्या फेरीत सहासष्ट. वही पुन्हा तेच सांगत होती, आणि शालिकराम पुन्हा कानांवर हात ठेवून बसला होता. रितिका शेवटी, मयुरी दुसरी. त्याचं ठरलं होतं.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी तो टीमच्या बनियनसाठी कापड घ्यायला गांधीबागेच्या कापडबाजारात गेला. ओळखीच्या दुकानात शिरला तर गठ्ठ्यांच्या मागून, हातात मीटरपट्टी घेऊन, गोपिका पुढे आली. थोडी अंगानं भरली होती. त्याला बघून तिनं आधी पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली आणि मग हसली.

"काका, तुम्ही?"

"तू इथं कवापासून?"

"सहा महिने झाले. सकाळचं कॉलेज, मग दुकान."

कापड निघालं, मापून झालं. कात्री चालवता चालवता ती खाली बघूनच म्हणाली, "यंदा जमेल ना काका? मागच्या साली माह्यामुळे गेलं. मी त्या पट्टीत अजूनबी पळते झोपेत. पाय उचलतच नाहीत."

शालिकरामच्या तोंडाशी शब्द आले होते. पण मागे दुकानाचा मालक होता, शेजारी दोन गिऱ्हाइकं होती. त्यानं "तसं काही नाही वं" असं काहीतरी पुटपुटून कापडाची पिशवी उचलली. बाहेर आल्यावर त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की सायकल कुठं लावली हेच आठवेना. आपल्या पोरीला मागे ठेवून आपण मोठे झालो, असं तो वर्षभर समजत होता. आणि त्या मोठेपणाचं ओझं वाहत होती दुसऱ्याची पोरगी.

घरी येऊन त्यानं गेल्या वर्षीची वही काढली. सगळे शनिवार वाचले. एकाही शनिवारी गोपिका दुसऱ्या फेरीत मयुरीच्या पुढे नव्हती. एकाही.

उरलेले आठ दिवस त्यानं मुलींना फक्त थकल्या पायांचं काम दिलं, तेही मोजूनच, नाहीतर स्पर्धेआधीच पाय जायचे. तीनशे मीटर जोरात, आणि धाप लागलेली असतानाच बॅटन द्यायचा. घेणारीनं मागे बघत राहायचं. येणारी जितकी मेलेली, तितकं उशिरा निघायचं. "ती मरून राहिली अन् तू पळत सुटली, तर बॅटन काय पोस्टानं येईल?" असं तो प्रणालीवर ओरडायचा. आणि पळणारीला एकच मंत्र: पाय उचलेनासे झाले की पायांचा विचार सोडायचा, खांदे खाली टाकायचे, हात हलवायचे, पाऊल लहान करायचं. हात हलले की पाय मागून येतात.

स्पर्धेच्या दिवशी मानकापूरच्या ट्रॅकवर सकाळपासून ऊन होतं. मयुरी आणि रितिका दोघी अकरा वाजता चारशे पळल्या. रितिका दुसरी आली, मयुरी चौथी. रितिका नंतर शंभरच्या रिलेतही पळली. तीन वाजता मुलींचा क्रम लिहून टेबलावर द्यायचा होता. एकदा चिठ्ठी दिली की बदल नाही.

शालिकरामनं पायरीवर बसून चिठ्ठी लिहिली. पहिली रितिका. दुसरी आचल. तिसरी प्रणाली. मग पेन थांबलं. रविंद्र सर खांद्यावरून बघत होते.

"चौथी मयुरी?" ते म्हणाले. "शालिक, रितिका आजच तिच्या पुढे आली ना गा. हरलो तर लोक म्हणतील, शिपायानं आपली पोरगी पुढे केली. मी आपलं तुझ्या भल्यासाठी सांगतो."

तेच वाक्य. वर्षभर ज्याच्या भीतीनं तो वाकून चालला, ते कुणीतरी शेवटी तोंडावर म्हणालं, आणि शालिकरामला आश्चर्य वाटलं ते हे, की काहीच झालं नाही. आभाळ होतं तिथंच होतं.

"म्हणू द्या सर," तो म्हणाला आणि चौथ्या ओळीत नाव लिहिलं.

रितिका फुगली. "काका, माहा टाईम चांगला आहे."

त्यानं वही उघडून तिच्यासमोर धरली. "ताज्या पायांवर आहे. आता कोणाचे पाय ताजे आहेत, सांग? तू पहिली. तुह्या पट्ट्यात तूच राणी. मागे पाहाचं नाही, पुढे पाहाचं नाही, सुटायचं."

तिनं आकडे वाचले. दोनदा वाचले. मग बूट घट्ट करायला बसली.

आणि सुटली ती खरोखरच. वळणांवर कुणाचं अंतर किती ते कळत नाही, पण बॅटन द्यायच्या वेळी दिसलं, रितिका सगळ्यांच्या पाच-सहा मीटर पुढे होती. आचलनं घोळक्यात जागा सोडली नाही, एक कोपर खाल्लं, दुसऱ्या नंबरवर आली. प्रणालीची शेवटची सरळ पट्टी मात्र बघवत नव्हती. पोरगी अक्षरशः पाय ओढत आली. वर्ध्याची मुलगी बारा मीटर पुढे जाऊन बॅटन देऊन मोकळी झाली.

मयुरी रेषेवर उभी होती, मान मागे वळवून. तिथं कुणीही घाईनं निघालं असतं. ती निघाली नाही. प्रणाली तीन पावलांवर येईपर्यंत थांबली, मग सावकाश सरकली, डावा हात मागे केला, बॅटन घेतला, उजव्या हातात बदलला आणि गेली.

पहिल्या दोनशे मीटरमध्ये अंतर जेमतेम तीन मीटरनं कमी झालं. रविंद्र सर कपाळाला हात लावून म्हणाले, "ही पळत काहून नाही गा?" शालिकरामच्या हातात स्टॉपवॉच होतं आणि त्याला दिसत होतं की ती बरोबर पळत होती. दुसऱ्या वळणावर पुढची मुलगी मागे बघायला लागली. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. शेवटच्या सरळ पट्टीत तिचे खांदे वर चढले. मयुरीचे खांदे खाली होते. पाऊल लहान झालं होतं, हात चालू होते. वीस मीटर उरले असताना ती बरोबरीला आली आणि दीड पावलानं पुढे जाऊन रेषेपलीकडे आडवी पडली.

टीम राज्यावर गेली. शालिकराम रडला, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. मयुरीची फेरी, पासष्ट पूर्णांक आठ सेकंद. त्यानं ते वहीत लिहिलं.

मयुरी उठून बसली, श्वास घेतला आणि पहिलंच विचारलं, "बाबा, मागच्या साली वही काय म्हणत होती?"

पोरगी हुशार होती. तिनं शनिवारी डोळे उघडे ठेवले होते. शालिकरामला खोटं बोलता आलं असतं.

"हेच म्हणत होती," तो म्हणाला.

मयुरी उठून उभी राहिली. "मग गोपिकाताई?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता, दुकान बंद. दोघं तांडापेठेतल्या निमज्यांच्या घरी गेले. गोपिका अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला बातमी कळली होती. तिनं मयुरीला मिठी मारली. शालिकरामनं दोन्ही वर्षांच्या वह्या तिच्यासमोर ठेवल्या आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. कोणती जागा कुणाची होती, ती त्यानं कशी बदलली, आणि काहून. ज्या माणसाला दुकानात तोंड उघडता आलं नव्हतं, त्याला आता थांबता येईना.

गोपिकेनं पान उलटलं, शनिवार वाचले. ओल्या बोटांनी शाई थोडी फुटली.

"म्हणजे मी हरली नव्हती," ती म्हणाली.

"तुले हरवलं. मी हरवलं. मले माफ कर वं."

ती रागावेल असं त्याला वाटत होतं. रागावलीही. चेहरा लाल झाला, डोळे भरले. "मी बूट विकले ना काका," ती म्हणाली. "मले वाटलं, आपल्यात दमच नाही. माफी-गिफीचं नंतर पाहू. आईले सांगा आधी. ती अजूनबी आल्या-गेल्याले सांगते, आमच्या पोट्टीनं हातात आलेला कप घालवला म्हणून. इथं नका सांगू, आत येऊन सांगा."

आत तिची आई मैनाबाई पापड लाटत होत्या. गल्लीतल्या चार बाया सोबत बसल्या होत्या, रविवारचं काम वाटून घेतलेलं. शालिकराम दारात थबकला. चार बाया म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्खी तांडापेठ. मयुरीनं मागून त्याच्या पाठीला हात लावला, जरा ढकललंच.

तो आत गेला, जमिनीवर बसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मैनाबाई, मागच्या साली कप तुमच्या पोरीनं नाही घालवला. मी घालवला. लोकं काय म्हणतील या भेवानं मी माह्या पोरीची जागा तुमच्या पोरीले देल्ली. ती जागा तिची नव्हती. मले माहीत होतं."

लाटणी थांबली. मैनाबाईंनी हातातला पापड कापडावर टाकला, हात पुसले आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"मग वर्षभर काहून नाही सांगतलं गा?" त्या म्हणाल्या. "वर्षभर माही पोट्टी मान खाली घालून चालली."

शालिकराम मान खाली घालून बसून राहिला, आणि बायांपैकी कुणीही त्याला ऊठ म्हणालं नाही.